गणपतीतल्या उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी : लेबलं, झटपट उत्तरं आणि आपोआप जाणारे मेसेज कसे लावावेत?

डोंबिवलीची_सुगरण

नमस्कार मंडळी. मी घरून उकडीचे मोदक करून देते. संकष्टीला ऑर्डरी बेताच्या असतात, त्या डोक्यात राहतात. गणपतीत मात्र चतुर्थी, गौरीजेवण आणि अनंत चतुर्दशी अशा तीन दिवसांच्या ऑर्डरी एकाच वेळी यायला लागतात. कोणी स्टेटसला उत्तर देऊन सांगतं, कोणी सोसायटीच्या ग्रुपमध्ये लिहितं, कोणी बोलून पाठवतं, कोणी फोन करतं आणि मग "मघाशी बोललो त्याप्रमाणे" एवढाच मेसेज टाकतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं आहे. त्यात आधीपासूनच New customer, New order, Pending payment, Paid, Order complete अशी पाच लेबलं होती, ती तशीच वापरते. पण एकाच काकूंची चतुर्थीची ऑर्डर Paid आणि गौरीची Pending असली की त्यांच्या चॅटला दोन्ही लेबलं लागतात आणि कशाचे पैसे आले ते कळत नाही. शिवाय माझा फोन, सुनेचा लॅपटॉप आणि जावेचा फोन असे तिघींकडे एकच खातं चालू आहे.

मला मोदक मोजून, वेळेवर आणि ज्याचे त्याला द्यायचे आहेत. लेबलं नेमकी कशी पाडावीत? झटपट उत्तरांत काय लिहावं? आपोआप जाणारे मेसेज लावावेत की नाही? जे स्वतः करतात त्यांनी सविस्तर सांगा.

विदिशा_के

ताई, सगळ्यात आधी ग्रीटिंग मेसेज लावा. त्यात दर, वेळा आणि "नाव, नग, पत्ता लिहून पाठवा" एवढं टाकून द्या. कोणीही ऑर्डरीसाठी मेसेज केला की आपोआप जाईल, तुम्हाला हातही लावायला नको. माझ्या केकच्या ऑर्डरींना मी हेच करते.

बंड्या_७७

ताई, मोदक फाटत असतील तर उकड गरम असतानाच मळून घ्या आणि पिठी आंबेमोहोरची वापरा. पाण्यात थोडं लोणी घातलं तर पारी छान वळते.

डोंबिवलीची_सुगरण

बंड्या, मोदक फाटत नाहीत हो, ऑर्डरी फाटताहेत! पण आंबेमोहोरचं बरोबर आहे, मी बासमती तुकडा आणि आंबेमोहोर मिसळून दळते.

बंड्या_७७

मथळ्यात 'उकडीचे' दिसलं आणि पुढचं वाचलंच नाही. चालू द्या, मी वाचतोय.

हिशेबनीस

विदिशाताईंचं अर्धं बरोबर आहे. ग्रीटिंग मेसेज प्रत्येक ऑर्डरीला जात नाही. पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला जातो, नाहीतर १४ दिवस त्या चॅटमध्ये काहीच बोलणं झालेलं नसेल तर जातो. तुमची नेहमीची काकू संकष्टीला बोलली आणि आठवड्याने गणपतीची ऑर्डर द्यायला आली, तर तिला तो मेसेज मिळणारच नाही. तेव्हा दर कळवण्याचं काम ग्रीटिंगवर सोडू नका. नव्या माणसाला त्याचा उपयोग आहे, जुन्यांना झटपट उत्तर हातानेच पाठवावं लागतं.

आता लेबलांचं. ताई, तुमची अडचण लेबलांच्या नावांत नाही. तुम्ही लेबल माणसाला लावताय, ते ऑर्डरीला लावायला हवं. चॅटला लावलेलं लेबल त्या माणसाबरोबरच्या सगळ्या बोलण्याला लागतं. पण एखाद्या मेसेजवर बोट दाबून धरलं की त्या एका मेसेजलाही लेबल लावता येतं. हे फार जणांना माहीतच नसतं. लेबल उघडलं की त्यात चॅट दिसतात तसे असे सुटे मेसेजही दिसतात.

मग कोणत्या मेसेजला लावायचं? ग्राहकाच्या मेसेजला नाही. त्याने "ते मागच्यासारखे २१ द्या" असं लिहिलेलं असतं, त्यावरून परवा काही उमजणार नाही. लेबल लावायचं तुम्ही पाठवलेल्या, पूर्ण भरलेल्या 'पक्की' मेसेजला. त्यासाठी एक झटपट उत्तर करून ठेवा. शॉर्टकट `/pakki` ठेवलात तर चॅटमध्ये `/` टाइप केल्यावर ते समोर येतं. निवडलं की मजकूर लिहायच्या जागेत उतरतो, लगेच जात नाही. मोकळ्या जागा भरायच्या आणि मग पाठवायचं:

पक्की ऑर्डर
नाव :
दिवस, वेळ :
नग :
नेणार की पोचवायचे, पत्ता :
एकूण रु. :
आलेले रु. :
यात काही चुकलं असेल तर आजच कळवा. बदल झाला तर आम्ही नवीन 'पक्की' पाठवू, शेवटची पाठवलेली तीच धरावी.

हा एकच मेसेज तुमची पावती, स्वयंपाकघरातली चिठ्ठी आणि भांडण झालं तर पुरावा, तिन्ही कामं करतो.

डोंबिवलीची_सुगरण

मेसेजला लेबल लागतं हे मला खरंच माहीत नव्हतं! आत्ता करून बघितलं, लागलं. पण मग लेबलं पाडायची कशी? नवी, पैसे बाकी, पैसे आले, दिली अशीच?

हिशेबनीस

मोदकाला ती पुरणार नाहीत. साडी आज गेली काय आणि उद्या गेली काय, फारसं बिघडत नाही. मोदक गरमच जायला हवेत आणि आरतीच्या आत जायला हवेत. म्हणजे तुमचं मुख्य लेबल 'दिवस आणि वेळ' हे आहे. चतुर्थीला तुम्ही किती वेळा माल काढता?

डोंबिवलीची_सुगरण

चतुर्थीला तीनदा. सकाळी ८, साडेनऊ आणि ११. वळायला आम्ही चौघी असतो. दर वेळेला साधारण १५० नग निघतात. गौरीजेवणाला दोनदा, चतुर्दशीला एकदाच.

हिशेबनीस

मग तुमची लेबलं अशी: 'चतु ८', 'चतु ९.३०', 'चतु ११', 'गौरी १०', 'गौरी १२', 'चतुर्दशी'. ही सहा वेळेची, ती 'पक्की' मेसेजला लावायची. त्याशिवाय 'पैसे बाकी' आणि 'उत्तर द्यायचंय' ही दोन. झाली आठ. अ‍ॅपमध्ये २० लेबलांपर्यंत करता येतात, पण २० केलीत तर कोणतं लावायचं हे ठरवण्यातच वेळ जाईल. आधीच्या पाचांची नावं बदलून घ्या आणि फक्त उरलेली तीन नवी करा.

एक उदाहरण पूर्ण घेऊन बघा. एका काकूंनी चतुर्थी साडेनऊचे २१ नग सांगितले. नगाला ३५ रुपये धरले तर ७३५ झाले. तुम्ही 'पक्की' पाठवली आणि त्या मेसेजला 'चतु ९.३०' लावलं. दोन दिवसांनी त्याच काकू म्हणाल्या, गौरीला दहा वाजता ११ हवेत. ती वेगळी 'पक्की', ३८५ रुपयांची, आणि तिला 'गौरी १०'. आता एकाच चॅटमध्ये दोन वेगळे मेसेज, दोन वेगळी लेबलं, गोंधळ नाही. मग काकूंचा आवाजी मेसेज येतो, "अगं, चतुर्थीचे ३१ कर, जाऊबाई येताहेत." आता जुन्या मेसेजचं लेबल काढायचं. ३१ नग, १०८५ रुपये, आलेले ७३५, अशी नवी 'पक्की' पाठवायची. नव्या मेसेजला 'चतु ९.३०' लावायचं आणि वर ३५० बाकी आहेत म्हणून 'पैसे बाकी' पण लावायचं. एका मेसेजला दोन लेबलं लागू शकतात.

जुन्या मेसेजचं लेबल काढायला विसरलात तर त्या वेळेच्या यादीत काकू दोनदा दिसतील आणि तुमचे २१ नग जास्तीचे होतील. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी काढायचं, मग पाठवायचं, मग लावायचं.

सदाशिव_काका

मी या बाबतीत ग्राहक आहे, विक्रेता नाही. मला एक सांगा, हे इतकं सगळं कशाला? आमच्या मोदकवाल्या बाई फोनवर बोलतात, "हो काका, ठेवते तुमचे" म्हणतात आणि मोदक येतात. माणसाशी माणसासारखं बोलावं. आजकाल कुठेही मेसेज करा, आधी यंत्रासारखं उत्तर येतं, "आपला संदेश आम्हाला मिळाला आहे." मला ते अजिबात आवडत नाही.

हिशेबनीस

काका, तुमची तक्रार रास्त आहे आणि ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच म्हणण्यात आहे. "आपला संदेश मिळाला, धन्यवाद" हा मेसेज मोदकवालीसाठी सगळ्यात धोक्याचा. रात्री ११ वाजता कोणी लिहितं, "उद्या सकाळी ५१ मोदक", त्याला आपोआप उत्तर जातं, "धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली." तो निवांत झोपतो. सकाळी दारात उभा राहतो आणि म्हणतो की तुम्हीच हो म्हणालात. त्याची चूक नाही.

तुम्ही नसताना आपोआप जाणारा अवे मेसेज लावायचाच असेल तर ठरावीक वेळेसाठी लावा, समजा रात्री ९ ते सकाळी ७, आणि त्यात सरळ लिहा: "आम्ही सकाळी ७ नंतर उत्तर देऊ. हा मेसेज म्हणजे ऑर्डर पक्की झाली असं नाही. 'पक्की ऑर्डर' असा मेसेज आला तरच ती पक्की." शिवाय फोनला नेट चालू असेल तरच तो जातो. रात्री डेटा बंद करून झोपत असाल तर तो कोणालाच मिळणार नाही.

अनघा_प

हिशेबनीस यांच्याशी सहमत, फक्त एक भर. अवे मेसेज कोणाला जावा हे निवडता येतं. सगळ्यांना, फोनमध्ये नाव नसलेल्यांना, किंवा काही जण सोडून. सदाशिवकाकांसारखे ठरलेले ग्राहक 'सोडून' यादीत टाकून ठेवा, म्हणजे त्यांना यंत्राचं उत्तर जाणार नाही.

सदाशिव_काका

ही यादी मला आवडली.

देवगडचा_दादा

माझं आंब्याचं आहे, पण दुखणं तेच. मी 'पेटी ग्राहक' असं लेबल केलं आणि त्या लेबलातल्या सगळ्यांना एकदम ब्रॉडकास्ट पाठवला, "पहिली तोड शनिवारी." अर्ध्या लोकांना मिळालाच नाही. दोन वेळा पाठवला तरी नाही. नंबर तर बरोबर आहेत. कोणाला कारण माहीत आहे का?

अनघा_प

दादा, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केलाय त्याने काही होत नाही. शिवाय एका यादीत २५६ माणसंच बसतात. दिलेल्या प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लावा, "आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडीचं कळेल." हळूहळू वाढतं.

देवगडचा_दादा

अच्छा, म्हणजे गोम तिथे आहे. पेटीत वर्तमानपत्राऐवजी चिठ्ठीच टाकतो आता. ताई, तुम्हालाही 'आज ११ चे मोदक संपले' असं सांगायला ब्रॉडकास्टवर विसंबता येणार नाही मग. त्याला स्टेटस बरा.

डोंबिवलीची_सुगरण

दादा, स्टेटसलाही तीच अट आहे ना? माझा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांनाच दिसतो.

अनघा_प

हो, आणि तुमच्याकडेही त्यांचा सेव्ह हवा. स्टेटसला दोन्हीकडून लागतो.

कोडवाला

सगळे हाताने का करताय? क्रोमला लावायची एक्स्टेन्शनं मिळतात, फोनवर नोटिफिकेशन वाचून उत्तर देणारी अ‍ॅप मिळतात. 'मोदक' शब्द आला की दर, 'पत्ता' शब्द आला की लोकेशन. एका संध्याकाळी लावून होतं. बिझनेस अ‍ॅपमध्ये शब्द ओळखून उत्तर द्यायची सोय नाही, म्हणून हे करावं लागतं.

अनघा_प

कोडवाला, अशी बाहेरची साधनं व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींत बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो. ताईंचा नंबर चतुर्थीच्या आदल्या दिवशी बंद झाला तर ४५० मोदक कोणाला द्यायचे हेही कळणार नाही. तेवढ्या सोयीसाठी हा धोका मी तरी घेणार नाही.

कोडवाला

मान्य, धोका आहे. मग व्हॉट्सअ‍ॅपचं अधिकृत एपीआय घ्या ना, म्हणजे खात्याला आपला बॉट जोडायची त्यांचीच सोय. बाहेरचं साधन लावलं म्हणून नंबर बंद होण्याची भीती त्यात नाही. बॉट सरळ विचारेल, कोणता दिवस, कोणती वेळ, किती नग. वेळ भरली की ती दाखवायचीच नाही. मोजणी आपोआप होते, जे लेबलांनी कधीच होणार नाही.

हिशेबनीस

मोजणीबद्दल कोडवाला यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि त्याकडे मी येणारच होतो. एपीआयचं मात्र ताईंना जमेल असं वाटत नाही. त्यासाठी बॉट कोणीतरी बनवून सांभाळायला हवा. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास गेले की त्याला आपल्या मनाने काही लिहिता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवावा लागतो. जिथे रोज शेकड्यांनी ऑर्डरी येतात तिथे ते परवडतं. वर्षातले तीन दिवस गर्दी असणाऱ्याला नाही.

कोडवाला

तीन दिवसांसाठीही मी करून देईन म्हणतो. पण ठीक आहे, ज्याचा त्याचा हिशेब.

सीमा_न्यूजर्सी

इथे न्यू जर्सीत आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी गणपतीला मोदकांच्या ऑर्डरी घेतो. आम्ही चॅटमध्ये ऑर्डर घेतच नाही. झटपट उत्तरात गुगल फॉर्मची लिंक, बास. फॉर्म भरला तर ऑर्डर, नाही भरला तर नाही. उत्तरं शीटमध्ये जातात, बेरीज आपोआप होते. ताई, हे का नाही करत?

डोंबिवलीची_सुगरण

सीमा, माझे निम्मे ग्राहक साठीच्या पुढचे आहेत. मागे एकदा सुनेने लिंक पाठवली तर फोनच यायला लागले, "हे काय पाठवलंयस, उघडत नाही." ते बोलून पाठवतात किंवा फोन करतात. त्यांना मी फॉर्म भरायला लावणार नाही, ते माझे पहिले ग्राहक आहेत.

सीमा_न्यूजर्सी

पटलं. मग फॉर्म तुम्हीच भरा! सुनेने त्यांच्या वतीने भरायचा. शीट तर मिळेल.

हिशेबनीस

सीमाताईंची ही सूचना चांगली आहे. कारण लेबल तुम्हाला 'कोणाच्या ऑर्डरी' ते सांगतं, 'एकूण किती नग' ते सांगत नाही. 'चतु ९.३०' मध्ये १२ मेसेज आहेत एवढंच दिसेल. त्यात ११ चे किती, २१ चे किती, ५१ चे किती याची बेरीज अ‍ॅप करत नाही. आणि तुमची खरी मर्यादा ऑर्डरींची नाही, १५० नगांची आहे.

म्हणून वही किंवा शीट, तुम्हाला जे सोयीचं ते ठेवा, पण दर वेळेला एक वेगळं पान. वर १५० लिहायचे. ऑर्डर पक्की झाली की नाव, नग आणि समोर शिल्लक. २१ गेले, १२९ राहिले. ११ गेले, ११८. काकूंचे २१ चे ३१ झाले की ती ओळ खोडून नवी लिहायची आणि १० आणखी वजा. शिल्लक १५ च्या खाली गेली की कोणालाही साडेनऊ देऊ नका, ११ ची वेळ सुचवा. ते थोडे नग फुटले-फाटले आणि ऐनवेळी शेजाऱ्यांनी मागितले तर लागतात.

आदल्या संध्याकाळी ताळा करायचा. लेबलातले मेसेज जितके, वहीतल्या न खोडलेल्या ओळी तितक्याच हव्यात. लेबलात १३ आणि वहीत १२ असतील तर कोणाच्या तरी जुन्या मेसेजचं लेबल राहिलंय किंवा वहीत लिहायचं राहिलंय. उलट असेल तर 'पक्की' पाठवूनही लेबल लावलेलं नाही. एकेक नाव वाचत गेलात की पाच मिनिटांत सापडतं.

विदिशा_के

हे ताळ्याचं छान आहे. पण ताई, तिघी जणी एकाच खात्यावर म्हणालात. मला वाटतं खरा घोळ तिथे आहे. मी आणि माझी बहीण दोघी उत्तर द्यायचो तेव्हा दोघींनी एकाच संध्याकाळचा शेवटचा केक दोन वेगळ्या जणांना दिला होता. ग्राहकाला तर एकच नाव दिसतं, कोण बोलतंय ते कळत नाही.

डोंबिवलीची_सुगरण

विदिशा, अगदी हेच! आणि आणखी एक होतं. जाऊ तिच्या फोनवर मेसेज उघडून बघते, उत्तर देत नाही, कारण तिला दर माहीत नसतो. माझ्या फोनवर तो वाचलेला दिसतो. मग मला वाटतं कोणीतरी उत्तर दिलं असेल.

हिशेबनीस

ऑर्डर हुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं: वाचलंय पण उत्तर गेलेलं नाही. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, पण कुठेही एकाने उघडलं की ते सगळीकडे वाचलेलं होतं. म्हणून 'उत्तर द्यायचंय' हे लेबल मी मघाशी मुद्दाम वेगळं घातलं. हे मात्र मेसेजला नाही, चॅटला लावायचं. ज्याने उघडलं आणि ज्याला उत्तर देता आलं नाही त्याने लावायचं, ज्याने उत्तर दिलं त्याने काढायचं. दुपारी आणि रात्री झोपण्याआधी हे लेबल रिकामं दिसलं पाहिजे.

दुसरं, 'पक्की' पाठवायचा अधिकार एकीकडेच. वही जिच्यासमोर, 'पक्की' तिची. बाकी दोघींनी दरांचं झटपट उत्तर `/dar` पाठवायचं, गोड बोलायचं, "थांबा, वेळ बघून सांगते" म्हणायचं आणि लेबल लावून सोडायचं. त्याने एकच वेळ दोघांना देणं थांबतं.

मालवणी_मावशी

सुनेकडे वही द्या आणि तुम्ही मोदक वळा. हात पिठाचे असताना फोन घेऊ नये, फोनचं पण वाटोळं होतं आणि मोदकाचं पण.

डोंबिवलीची_सुगरण

मावशी, हे तुम्ही माझ्या मनातलं बोललात. सुनेचं अक्षरही सुंदर आहे.

अनघा_प

मला एक गोष्ट पटत नाही हिशेबनीस. 'पैसे बाकी' मेसेजला लावायचं म्हणता. मी ते चॅटला लावते. कारण वसुली माणसाकडून करायची असते, ऑर्डरीकडून नाही. चॅटच्या यादीतच नावापुढे रंग दिसतो आणि मी संध्याकाळी एकेकीला आठवण करते. मेसेजला लावलेलं असं यादीत पटकन नजरेत येत नाही.

हिशेबनीस

तुमच्याकडे एका ग्राहकाची एकच ऑर्डर चालू असते का?

अनघा_प

बहुतेक वेळा हो. माझं पापड-कुरडयांचं आहे.

हिशेबनीस

मग तुमचं तुम्हाला बरोबर. ताईंच्या काकूंची चतुर्थीची रक्कम जमा आणि गौरीची बाकी असेल तर चॅटवरचा रंग काहीच सांगत नाही. ज्याच्याकडे एकाच्या दोन-तीन ऑर्डरी एकदम असतात त्याने मेसेजला लावावं असं माझं मत.

अनघा_प

तरी मी चॅटलाच लावेन आणि किती बाकी ते 'पक्की'मध्ये वाचेन. असो, ज्याला जे नजरेत भरतं ते.

ठाणेकर_मिलिंद

पैशांचाच विषय निघालाय म्हणून. स्क्रीनशॉट पाठवला की पैसे आले असं धरू नका. जुना किंवा फेरफार केलेला स्क्रीनशॉट पाठवण्याचे प्रकार होतात, आणि कधीकधी ग्राहकाकडून खरोखरच गेलेले दिसतात पण व्यवहार अडकलेला असतो. बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसले तरच 'पैसे बाकी' काढा. गर्दीत नवरोबांना हेच एक काम द्या.

कोडवाला

माझा बॉट नाकारलात तरी एक अधिकृत आणि फुकट गोष्ट सांगतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर किंवा पोस्टवर नंबराऐवजी अशी लिंक टाका:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=modak
```

X च्या जागी तुमचा नंबर. दाबलं की तुमची चॅट उघडते आणि त्यात 'modak' लिहून तयार असतं, ग्राहकाला फक्त पाठवायचं असतं. तुमच्याकडे सेव्ह नसलेला अनोळखी माणूसही मोदकांसाठीच आलाय हे लगेच कळतं. ग्रुपमध्ये ऑर्डर लिहिणाऱ्यांनाही हीच लिंक द्या, म्हणजे ऑर्डर तुमच्या स्वतंत्र चॅटमध्ये येईल. ग्रुपमधल्या ऑर्डरी कधीच तिथेच ठेवू नका.

डोंबिवलीची_सुगरण

कोडवाला, हे मनापासून आवडलं. ग्रुपचं मला सगळ्यात जड जायचं. शंभर लोक "मलाही" म्हणतात आणि ते किती ते कोणी लिहीत नाही.

मंडळी, एक अडचण राहिली. बोलून पाठवलेल्या ऑर्डरी. लेबल लावलं तरी नंतर परत ऐकावं लागतं.

हिशेबनीस

आवाजी मेसेजला लेबल लावूच नका. ऐकल्या ऐकल्या त्याच मेसेजला 'रिप्लाय' करून `/pakki` भरून पाठवा. मग तुमच्या लिखित ऑर्डरीच्या वर त्यांचा आवाज जोडलेला राहतो. वाद झाला तर दाबून ऐकता येतो. फोनवर आलेल्या ऑर्डरीलाही तेच. फोन ठेवला की 'पक्की' गेलीच पाहिजे. "मघाशी बोललो त्याप्रमाणे" असं ते लिहितात, पण तुम्ही सगळं लिहून पाठवा.

आणि उत्तर आलं नाही तरी घाबरू नका. मजकुरातच "चुकलं असेल तर आजच कळवा" आहे.

सदाशिव_काका

मी मात्र उत्तर देईन. "बरोबर आहे" एवढं. आणि फोनवरच सांगेन, तुम्ही लिहून पाठवा, मला चालेल.

बंड्या_७७

धागा पूर्ण वाचला. मामीचं पुरणपोळीचं आहे, तिला होळीला असंच लावून देतो. एक प्रश्न, गणपती झाले की ही 'चतु ९.३०' वगैरे लेबलं काढून टाकायची का? काढली तर मेसेज पण जातील?

हिशेबनीस

मेसेज जात नाहीत, फक्त त्यांच्यावरचं लेबल जातं. वेळेची सहाही काढून टाका, पुढच्या वर्षी नव्याने करा. जुन्या वर्षाच्या ऑर्डरी नव्या यादीत मिसळल्या तर ताळा कधीच जुळणार नाही. पण काढण्याआधी वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. कोणी किती घेतले ते पुढच्या वर्षी तांदूळ किती दळायचा यासाठी लागतं.

अनघा_प

मी एक लेबल राखून ठेवते, 'गणपती ग्राहक', आणि ते चॅटला लावते. पुढच्या वर्षी आठवडाभर आधी त्यांनाच विचारायचं असतं. वेळेची लेबलं काढली की ही यादी कुठेच राहत नाही.

देवगडचा_दादा

विचारायचं म्हणजे परत ब्रॉडकास्ट, आणि परत तीच अट. ताई, मोदकांच्या डब्यावर आतापासूनच चिठ्ठी चिकटवा.

डोंबिवलीची_सुगरण

चिठ्ठ्या छापायला टाकल्या. त्यावर कोडवाला यांची लिंक पण आहे. आठ लेबलं करून झाली, सुनेला वही दिली, जावेला `/dar` शिकवलं. या संकष्टीला थोड्या ऑर्डरींवर करून बघते आणि ताळा जुळतो का ते इथेच लिहिते. 'पैसे बाकी' मेसेजला लावायचं की चॅटला, ते अजून ठरत नाहीये. दोन्ही करून बघेन म्हणते.